झेरॉक्सच्या घडीत अडकलेला आकडा आणि 200 बाटल्यांचं सॅम्पल: एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी फोंड्याला बीकॉम, बीबीएच्या मुलांना स्टॅटिस्टिक्स शिकवते. चवथीच्या सुट्टीआधी कॉलेजांत इंटर्नल टेस्ट लागतात आणि त्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर प्रश्नांच्या फोटोंचा नुसता पाऊस पडतो. त्यातल्याच एका फोटोचं हे प्रकरण. मुलीचं नाव, कॉलेज, कंपनी काहीच लिहीत नाही, पण आकडे आहेत तसे ठेवलेत कारण सगळी गंमत आकड्यांतच आहे, आणि तिला आणि तिच्या भावाला विचारूनच लिहितेय.

मुलगी सेकंड इयरची. त्यांच्या वर्गाची इंडस्ट्रियल व्हिजिट कुंडईच्या वसाहतीतल्या एका सरबत भरणाऱ्या युनिटमध्ये झाली होती, तिचा मोठा भाऊ तिथंच पॅकिंगला आहे. तिथल्या रजिस्टरवरून सरांनी एक प्रश्न तयार केला आणि झेरॉक्स वाटली. प्रश्न इंग्रजीत होता, आपल्या भाषेत साधारण असा:

(अ) लेबल लावणाऱ्या मशीनवर आजवरच्या नोंदीप्रमाणे 8% बाटल्यांचं लेबल तिरकं लागतं. 200 बाटल्यांचं रँडम सॅम्पल घेतलं तर त्यात तिरक्या लेबलांचं प्रमाण 10% पेक्षा जास्त निघण्याची शक्यता किती? नॉर्मल अप्रॉक्सिमेशन वापरा.

(ब) एका दिवशी 200 पैकी 26 बाटल्या तिरक्या निघाल्या. मशीन बिघडलंय असं म्हणाल का?

मी इथे स्वच्छ लिहिलंय, पण फोटोत असं दिसत नव्हतं. रात्री ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो, झेरॉक्स चार घड्या करून पर्समध्ये ठेवलेली, आणि एक घडी बरोबर त्या टक्क्याच्या आकड्यावरून गेलेली. तिथली शाई उडालेली. 8 आहे की 6 आहे कळत नव्हतं. आणि "10%" च्या आधीच्या शब्दांवर तिचा अंगठा.

अडचण

फोटोखाली तिचा मेसेज, "मॅडम, ग्रुपवर प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतंय, बरोबर कुठलं?" आणि खाली चार उत्तरं:

0.0087, 0.1736, 0.1492, 0.1225

चार मुलं, चार उत्तरं, आणि कुणीच आकडेमोडीत चुकलेलं नव्हतं! मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते यासाठीच. प्रत्येक उत्तराच्या मागे एक वेगळा निर्णय होता, आणि तो निर्णय मुलांनी घेतला हे त्यांना स्वतःला माहीतच नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे सरळ सोडवून पाठवणं. पाच ओळींचं काम. पण मग बाकीची तीन उत्तरं का चुकली किंवा चुकली की नाही हे तसंच राहिलं असतं आणि टेस्टला आकडे बदलून आले की परत चार उत्तरं.

दुसरा पर्याय, उत्तरांवरून उलट जाऊन फोटोतला आकडा ओळखणं. तीन उत्तरं 8 धरून आलेली दिसत होती आणि एक 6 धरून, म्हणजे बहुमताने 8. हे मोहात पाडणारं होतं, पण ग्रुपवर सगळ्यांकडे एकाच झेरॉक्सचा फोटो फिरतो, तिघांनी 8 वाचलं याचा अर्थ एकाने वाचलं आणि दोघांनी मान्य केलं एवढाच असू शकतो.

तिसरा पर्याय, नॉर्मल सोडा आणि थेट बायनोमियल लावा. मोबाइलवर स्प्रेडशीट सगळ्यांकडे आहे, अचूक उत्तर एका ओळीत येतं. पण टेस्टला मोबाइल नाही आणि प्रश्नात नॉर्मल वापरा असं स्पष्ट लिहिलेलं.

मी ठरवलं की आधी कागद नीट वाचायचा, मग चारही उत्तरांच्या वाटा उलगडायच्या, आणि सगळ्यात शेवटी योग्य उत्तर. या क्रमाला वेळ लागतो पण दुसरा क्रम या ठिकाणी मला पटला नाही.

काय केलं: आधी आकडा

तिला सांगितलं, "उद्या सकाळी उजेडात घडी सरळ करून परत फोटो काढ, कागदाच्या चारही कडा दिसू देत आणि बोट मध्ये येऊ देऊ नको." सकाळी फोटो आला, 8 स्पष्ट होता, आणि अंगठ्याखालचे शब्द "पेक्षा जास्त" असे निघाले, "किमान" नव्हे. ही दुसरी गोष्ट किती महत्त्वाची होती ते पुढे येईल.

आता बघा, या एका आकड्याने काय होतं. 8% असेल तर उत्तर साधारण 0.149, म्हणजे सातातून एकदा घडणारी अगदी साधी गोष्ट. 6% असेल तर 0.0087, म्हणजे शंभरात एकदासुद्धा नाही. उत्तरात सतरा पट फरक! आणि गणिताच्या आत असं काहीच नाही जे तुम्हाला सावध करेल. नॉर्मल चालेल का हे बघायची जी चाचणी आपण शिकवतो, सॅम्पलमधले अपेक्षित सदोष आणि अपेक्षित चांगले दोन्ही दहाच्या वर हवेत, ती 8% ला 16 आणि 184 देते आणि 6% ला 12 आणि 188 देते, दोन्ही पास. सूत्र चुकीचा आकडा पण तितक्याच शांतपणे गिळतं. म्हणून फोटोवरून सोडवताना पहिला प्रश्न कागदालाच विचारायचा.

काय केलं: चार उत्तरांच्या वाटा

0.0087 ची वाट तर सापडली. मग 0.1736.

इथे थोडं मागे जाऊन सांगायला लागेल. मशीनचा 8% हा ठरलेला आकडा आहे, तो हलत नाही. हलतं ते सॅम्पलमधलं प्रमाण. आज 200 बाटल्यांत 14 तिरक्या निघतील म्हणजे 7%, उद्या 19 म्हणजे 9.5%, परवा 11 म्हणजे 5.5%. मशीन तेच, सेटिंग तेच, तरी प्रमाण हलतं. अशी हजारो सॅम्पल घेतली आणि प्रत्येकाचं प्रमाण मांडलं तर जो ढीग तयार होईल तेच सॅम्पल प्रमाणाचं सॅम्पलिंग डिस्ट्रिब्युशन. त्याचा मध्य 0.08 वर आणि पसारा किती ते स्टँडर्ड एरर सांगतो.

पसाऱ्याचं सूत्र मुलं पाठ करतात पण ते येतं कुठून हे दोन वाक्यांत सांगता येतं. प्रत्येक बाटली म्हणजे 1 किंवा 0, तिरकी असेल तर 1, आणि तिरकी असण्याची शक्यता p धरली तर अशा एका बाटलीचं व्हेरियन्स p(1−p). एकमेकींशी संबंध नसलेल्या n बाटल्या मिळवल्या की व्हेरियन्स n पट, आणि प्रमाण काढायला n ने भागलं की व्हेरियन्सला n चा वर्ग भागतो, उरतं p(1−p)/n. "एकमेकींशी संबंध नसलेल्या" हे शब्द लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यांच्यावर येऊन थांबतं. 0.1492 ची वाट खाली आहे, त्यात z म्हणजे 10% ची रेघ मध्यापासून किती स्टँडर्ड एरर लांब आहे ते, आणि त्यावरून नॉर्मल टेबल शक्यता देतं.

```
SE = √(0.08 × 0.92 / 200) = 0.0192
z  = (0.10 − 0.08) / 0.0192 = 1.04
P(p̂ > 0.10) ≈ 1 − 0.8508 = 0.1492
```

0.1736 वाल्या मुलाने स्टँडर्ड एररमध्ये 0.08 च्या जागी 0.10 टाकलं, म्हणजे √(0.10 × 0.90 / 200) = 0.0212, मग z आला 0.94. मी विचारलं का रे असं, तर म्हणाला, "मॅडम, सॅम्पलमध्ये तर 10% आहे ना?" नाही! सॅम्पल अजून घेतलेलंच नाही. प्रश्न विचारतोय की मशीन खरोखर 8% वर चालत असेल तर 10% ची रेघ ओलांडली जाण्याची शक्यता किती. 10% ही फक्त मारलेली रेघ आहे, पसारा मशीनच्या आकड्यावरून ठरतो. हा गोंधळ कुठून येतो ते मला माहीत आहे, आदल्या आठवड्यात कॉन्फिडन्स इंटरव्हल शिकवलेलं असतं आणि तिथे खरा p माहीत नसतो म्हणून सॅम्पलचं प्रमाण टाकावं लागतं. इथे p दिलेला आहे, तो सोडून दुसरं काही टाकायचं कारणच नाही. या चुकीचा त्रास असा की उत्तर जवळपास बरोबर दिसतं, 0.17 आणि 0.15 मध्ये कुणाला शंका येणार? म्हणून ती टिकते.

आता चौथं, 0.1225. हे एका मुलीने स्प्रेडशीटवर काढलं होतं:

```
=1-BINOM.DIST(20,200,0.08,TRUE)
```

ग्रुपवर सगळ्यांनी तिला चूक ठरवलं होतं कारण टेबलशी जुळत नव्हतं. खरं तर चारात सगळ्यात अचूक उत्तर तिचंच होतं, 0.1492 हे अंदाजाचं आणि 0.1225 हे नेमकं. तिला हे सांगताना मला मनापासून बरं वाटलं.

मग फरक का? कारण बाटल्या मोजून येतात, साडेवीस बाटल्या तिरक्या निघत नाहीत. 200 चे 10% म्हणजे बरोबर 20, आणि "जास्त" म्हणजे 21 पासून पुढे. पण नॉर्मलची रेषा सलग आहे, तिच्यावर 20 हा एक ठिपका नसून 19.5 ते 20.5 असा खांब आहे, आणि आपण 20 वर काप मारला की त्या खांबाचा उजवा अर्धा भाग उत्तरात शिरतो. बरोबर 20 निघण्याची शक्यता आहे 0.056, तिचा अर्धा 0.028, आणि 0.1225 मध्ये तो मिळवला की 0.1507, म्हणजे टेबलच्या उत्तराच्या अगदी शेजारी. सगळा फरक त्या अर्ध्या खांबाचा! काप 20.5 वर म्हणजे 0.1025 वर मारला तर z येतो 1.17 आणि उत्तर 0.1210, हीच कंटिन्युइटी करेक्शन.

आणि जर अंगठ्याखाली "किमान 10%" असतं तर? मग 20 पण मोजायचा, नेमकं उत्तर 0.1789. साध्या टेबल पद्धतीने मात्र दोन्ही प्रश्नांना एकच 0.1492 येतं, तिला "जास्त" आणि "किमान" यातला फरक दिसतच नाही. म्हणून सकाळच्या फोटोत ते शब्द वाचणं गरजेचं होतं.

टेस्टसाठी मी सांगितलं की नॉर्मल वापरा म्हटलंय तर 0.1492 लिहा, आणि खाली एक ओळ, करेक्शन घेतली तर 0.121. दोन्ही लिहिणाऱ्याचे मार्क कुठलेही सर कापणार नाहीत.

काय केलं: (ब) आणि भावाची वही

खरं प्रकरण इथून सुरू झालं. (ब) मध्ये 26 बाटल्या म्हणजे 13%. z = 0.05 / 0.0192, साधारण 2.61, आणि टेबलवरून 26 किंवा जास्त निघण्याची शक्यता 0.0045. मुलीने लिहिलं, एवढी कमी शक्यता म्हणजे मशीन बिघडलं. फोन स्पीकरवर होता आणि मागून भावाचा आवाज आला, "मॅडम, एक विचारू? तुमचं टेबल म्हणतं हजारात चार-पाचदा. माझ्या वहीत तर सहा दिवसांत दोनदा झालंय, आणि मशीन काही बिघडलेलं नाही, सरासरी बघा, आठच टक्के आहे."

त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. सहा दिवसांचे 200 पैकी तिरके:

5, 31, 9, 27, 4, 20

बेरीज 96, सरासरी बरोबर 16, म्हणजे 8%. त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. मग चुकलं काय, टेबल की वही?

पहिली शंका मी टेबलवर घेतली कारण ती पटकन तपासता येते. p लहान असला की ढीग उजवीकडे थोडा कललेला असतो, शून्याच्या बाजूला जागा कमी आणि वरच्या बाजूला जास्त, त्यामुळे वरच्या टोकाला नॉर्मल टेबल शक्यता कमी दाखवतं. स्प्रेडशीटमध्ये `=1-BINOM.DIST(25,200,0.08,TRUE)` टाकलं की येतं 0.0099. टेबलच्या दुपटीहून जास्त! म्हणजे मध्यभागी जवळ असलेलं अप्रॉक्सिमेशन टोकाला चांगलंच घसरतं, 16 आणि 184 ची चाचणी पास होऊनसुद्धा. हे महत्त्वाचं आहे, पण शंभरात एकदा आणि सहात दोनदा यांच्यातली दरी यानेही भरत नाही.

मग पसारा बघितला. 200 मध्ये तिरक्यांच्या संख्येचा अपेक्षित पसारा √(200 × 0.08 × 0.92), साधारण 3.8. वहीतल्या सहा आकड्यांचा पसारा 11.6. तिप्पट! सरासरी जुळते आणि पसारा तिप्पट येतो तेव्हा संशय एकाच जागी जातो, बाटल्या एकमेकींशी संबंध नसलेल्या नाहीत.

मी विचारलं, "तुम्ही 200 बाटल्या निवडता कशा?"

"निवडायच्या काय मॅडम, चहानंतर लाइनला उभा राहतो आणि लागोपाठ 200 मोजतो."

इथेच सगळं होतं. त्याला एकच काम सांगितलं, उद्या लागोपाठच मोजा पण प्रत्येक बाटलीला वहीत खूण करा, सरळ असेल तर टिंब, तिरकी असेल तर फुली, क्रमाने. दुसऱ्या दिवशी पानाचा फोटो आला आणि समजावून सांगायची गरजच उरली नाही. वीस फुल्या होत्या, त्यातल्या सतरा दोनच ठिकाणी गठ्ठ्याने, मध्ये टिंबांच्या लांबच लांब ओळी. लेबलचा रोल संपत आला किंवा नवीन चढवला आणि कडेची पट्टी नीट कसली नाही की लागोपाठ आठ-दहा बाटल्या तिरक्या जातात, मग कुणीतरी पट्टी दाबतं आणि परत सगळं सरळ. म्हणजे एक बाटली तिरकी असली की पुढची तिरकी असण्याची शक्यता 8% राहत नाही, ती कितीतरी वर जाते. लागोपाठच्या 200 मध्ये रोल बदलण्याची वेळ सापडली की 31, नाही सापडली की 4.

अशा सॅम्पलमध्ये 200 बाटल्या असल्या तरी माहिती 200 बाटल्यांची नसते. पसारा तिप्पट म्हणजे व्हेरियन्स नऊ पट, म्हणजे हिशोबाने त्या 200 बाटल्या सुट्या निवडलेल्या बावीस-तेवीस बाटल्यांएवढंच सांगत होत्या. सहा दिवसांवरून काढलेला हा आकडा कच्चाच आहे, पण दिशा स्पष्ट आहे.

प्रश्नपत्रिकेत "रँडम सॅम्पल" हे दोन शब्द असतात आणि मुलं त्यांच्यावरून नजर फिरवून पुढे जातात, पण √(p(1−p)/n) मधला n त्या दोन शब्दांच्या जिवावर उभा आहे.

बाटल्या कशा निवडायच्या

आता निवडायचं कसं यावर आम्ही तिघं बराच वेळ बोललो. खरं रँडम म्हणजे रँडम नंबर काढून त्या त्या नंबरची बाटली उचलायची, चालत्या लाइनवर हे कुणी करणार नाही. त्यांच्या शिफ्टमध्ये साधारण 4000 बाटल्या होतात, तेव्हा दर विसावी बाटली बाजूला काढली तर 200 होतात आणि दिवसभरात पसरतात, गठ्ठा लागला तरी त्यातली एखादीच हातात येते. यात एक धोका आहे, मशीनचाच काही फेरा वीस बाटल्यांचा असेल तर दर वेळी तीच जागा पकडली जाईल, म्हणून सुरुवात रोज वेगळ्या नंबरापासून, एक दिवस तिसरी, एक दिवस सतरावी, आणि अधूनमधून दोन-चार बाटल्या मागेपुढे. 4000 पैकी 200 म्हणजे 5%, दहा टक्क्यांच्या आत, त्यामुळे लॉट मर्यादित आहे म्हणून सूत्रात वेगळी दुरुस्ती घेतली नाही, घेतली असती तर पसारा फक्त अडीच टक्क्यांनी कमी झाला असता.

निकाल

नव्या पद्धतीने त्याने दहा दिवसांचे आकडे पाठवले:

14, 19, 11, 17, 22, 16, 13, 18, 15, 20

सरासरी 16.5, पसारा 3.4. तेच मशीन, तीच माणसं, पण 31 गेले आणि 4 पण गेले. 10% पेक्षा जास्त एकच दिवस, 22 चा. दहा दिवसांत अपेक्षा 10 × 0.1225 म्हणजे साधारण सव्वा दिवस. आणि शेवटचा 20 चा दिवस बघा, बरोबर 10%, "जास्त" मध्ये तो येत नाही, "किमान" असतं तर आला असता. मुलीने स्वतःच त्याच्यावर गोल करून मला पाठवलं होतं. दहा दिवस थोडेच आहेत, रोजचा खरा दर किंचित बदलत असेल तर एवढ्यावरून ते दिसणार नाही, पण तिप्पट पसारा नक्की राहिलेला नाही.

तिरक्या लेबलांचं प्रमाण कमी झालं का? नाही, सॅम्पल नीट घेतल्याने लेबल सरळ होत नाहीत. पण टिंब-फुलीचं पान सुपरवायझरच्या हातात गेल्यावर रोल बदलला की पट्टी कसून पहिल्या दहा बाटल्या बघायच्या असं ठरलं. हे जे कळलं ते सरासरीवरून कधीच कळलं नसतं, क्रमावरून कळलं.

मग भावाने पुढचा प्रश्न विचारला, किती निघाल्या की लाइन थांबवायची? पुस्तकी रीत तीन स्टँडर्ड एररची, 0.08 + 3 × 0.0192 म्हणजे 13.76%, म्हणजे 28 बाटल्या. मशीन ठीक असताना 28 किंवा जास्त निघण्याची नेमकी शक्यता 0.0028, वर्षाला 300 दिवस लाइन चालली तर विनाकारण थांबणं वर्षात एखादवेळी. 26 ची रेघ ठेवली तर 0.0099, वर्षाला तीनदा. पण दुसरी बाजू पण बघायची. मशीन खरंच घसरून 12% वर गेलं तर 28 ची रेघ त्या दिवशी पकडेल साधारण 22% वेळा, आणि 26 ची रेघ 36% वेळा. लाइन थांबवून पट्टी बघायला त्यांना पाच मिनिटं लागतात आणि तिरक्या लेबलाचा माल परत आला तर सगळे क्रेट उघडावे लागतात, म्हणून त्याने 26 निवडलं. माझ्या मते योग्य निवडलं. थांबायला जिथे तास जातात तिथे मी 28 म्हटलं असतं.

वेगळं काय करता आलं असतं

फोटो मागतानाच पूर्ण पान मागायला हवं, हे मी आता सगळ्या मुलांना आधीच सांगून ठेवलंय. नुसता प्रश्न कापून पाठवला की वरची "पुढील माहितीवरून" वाली ओळ जाते आणि कधीकधी लॉटचा आकार तिथेच असतो. समजा या प्रश्नात वर लिहिलेलं असतं की लॉट 500 बाटल्यांचा आहे, तर 200 हा त्याचा चाळीस टक्के झाला, स्टँडर्ड एरर 0.0192 वरून 0.0149 वर आला असता, z 1.34 आणि उत्तर 0.09. परत एक पाचवं उत्तर, आणि तेही फोटोत न आलेल्या एका ओळीमुळे.

सरांच्या प्रश्नाबद्दल पण एक गोष्ट म्हणावीशी वाटते, (ब) मध्ये 200 बाटल्या कशा निवडल्या हे लिहिलेलं नव्हतं. (अ) मध्ये रँडम शब्द आहे, (ब) मध्ये नाही. तेवढ्यावरून मुलांनी "सॅम्पल रँडम असेल तर" असं म्हणून उत्तर सुरू केलं असतं तर ते जास्त चांगलं उत्तर झालं असतं, आणि या मुलीने टेस्टमध्ये तसंच लिहिलं.

आणि टिंब-फुलीचं पान. ते आधी मागवलं असतं तर टेबलच्या टोकाचा हिशोब, पसारा, हे सगळं नंतर करता आलं असतं. पण मला वाटतं पसारा आधी काढला हे बरंच झालं, कारण 3.8 च्या जागी 11.6 दिसल्यामुळेच तर विचारायचं सुचलं की बाटल्या निवडता कशा. ज्यांच्याकडे अशी रोजची मोजणी आहे त्यांनी महिन्यातून एकदा हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत, एक √(np(1−p)) आणि एक वहीतल्या आकड्यांचा पसारा. दुसरा पहिल्याच्या दीड-दोन पट दिसायला लागला की 10% च्या वरची शक्यता, रेघ, टेबल सगळं बाजूला ठेवून आधी लाइनवर जाऊन क्रम लिहायचा.